स्कॅटर प्लॉटवर रेघ मारताना या चुका टाळा

समजा, इंदूरात राजवाड्याजवळ शिकंजीचं दुकान आहे (आपली इंदूरची, दुधाची दाट शिकंजी) आणि मालकाला बघायचंय की ऊन तापलं की विक्री वाढते का. समजायला सोपं पडावं म्हणून मार्चचे पाचच दिवस घेऊ. तापमान ३१, ३२, ३३, ३४, ३५ डिग्री आणि विकलेले ग्लास ८०, ९५, ९०, १०५, ११०. तापमान आडवं, ग्लास उभे, त्यावर ट्रेंडलाइन टाकली की रेघ डिग्रीमागे ७ ग्लासांनी चढते, आणि एक्सेलमध्ये तापमान A कॉलमात, ग्लास B कॉलमात टाकून दोन्हींचा संबंध मोजणारं हे सूत्र

```
=CORREL(A2:A6,B2:B6)
```

उत्तर देतं ०.९३.

पहिली चूक इथेच होते, लोक ०.९३ म्हणजे रेघ खूप चढी असं समजतात. तसं नाहीये, ठिपके रेघेला किती चिकटून आहेत आणि रेघ चढती की उतरती एवढंच तो आकडा सांगतो. सगळे ग्लास दहापट करा, रेघ डिग्रीमागे ७० ने चढेल पण आकडा ०.९३च राहील. चार्टवर R² मात्र ०.८६ दिसतो, कारण तो याच आकड्याचा वर्ग आहे, तेव्हा दोघांची आपसात तुलना करू नका.

आता खरी गंमत. सहावा दिवस रंगपंचमीचा, राजवाड्यावर गेरची मिरवणूक, तुफान गर्दी, तापमान ३३ आणि ग्लास ३००. चढ तेवढाच राहतो, ७, पण आख्खी रेघ ३४ ग्लास वर उचलली जाते आणि ०.९३ चा होतो ०.१२! रंगपंचमी ३१ डिग्रीच्या दिवशी आली असती तर याहून वाईट, रेघ उलटी फिरून उतरायलाच लागते, डिग्रीमागे २० ग्लास कमी, आकडा उणे ०.३९. म्हणजे ठिपका मधे आहे की कडेला यावर सगळं अवलंबून आहे, कडेचा ठिपका रेघ फिरवतो, म्हणून आकड्याआधी चार्ट डोळ्यांनी बघा.

असा ठिपका दिसला की लगेच डिलीट करू नका हो. आधी वही बघा, ३० चं ३०० टाइप झालंय का, झालं असेल तर दुरुस्त करा. गेरमुळे असेल तर तो आकडा खरा आहे, फक्त तो दिवस वेगळ्या जातीचा आहे. मग रेघ दोनदा काढा, तो धरून आणि वगळून, आणि दोन्ही दाखवा, का वगळला तेही लिहा.

आणि ०.९३ आला म्हणून उन्हामुळेच शिकंजी खपली असं लगेच ठरवू नका. मार्च सरता सरता ऊन वाढतं तशा परीक्षाही संपतात, मुलं मोकळी होतात, संध्याकाळी घरंच्या घरं बाहेर पडतात, आणि हे सगळं तापमानाच्याच मागे लपून येतं. तपासायचं असेल तर पूर्ण सीझनच्या नोंदी घ्या, त्यातले फक्त ३४ डिग्रीचे दिवस वेगळे काढा आणि रविवार व बाकीचे वार शेजारी मांडा. तापमान तेच असूनही रविवारी ग्लास बरेच जास्त निघत असतील तर गर्दीचाही हात आहे, आणि मग नुसतं थर्मामीटर बघून दूध मागवलं की थंड रविवारी कमी पडणार.