चढल्यासारखं वाटलं म्हणजे औषधच लागू झालं का?

मी नवी मुंबईत क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. बी. फार्म. करून नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, काय असते ते ठाऊक असतं. औषध डोक्यावर काम करणारं असेल, म्हणजे झोपेचं, वेदनेचं किंवा झिंग आणणारं, तर पेशंटचा शब्द कुठवर धरायचा, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. इथे रक्तातली साखर मोजल्यासारखं काही मोजता येत नाही. पेशंटला विचारायचं, '१०० मिलिमीटरच्या या रेघेवर खूण करा, कितपत चढल्यासारखं वाटतंय?' आणि ती खूण हाच आपला डेटा.

ही खूण किती फसवू शकते, ते समजायला मी सगळ्यांना एकच अभ्यास आधी वाचायला लावते. संशोधक जे ओल्सन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात केलेला हा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ३३ विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की सायलोसिबिनसारखं, म्हणजे भास घडवणाऱ्या मशरूममधल्या द्रव्यासारखं, औषध देऊन सर्जनशीलतेवरचा परिणाम पाहायचा आहे. खोलीत संगीत, चित्रं आणि रंगीत दिवे होते. गोळी सगळ्यांना प्लासिबोचीच होती, पण इथे प्लासिबो गट नाहीच, असा त्यांचा समज करून दिला होता. शिवाय संशोधकांची काही माणसं सहभागी म्हणून त्यांच्यात बसली होती आणि औषध चढल्याचा हलका अभिनय करत होती.

चार तासांनंतर ६१ टक्के जणांनी काही ना काही परिणाम जाणवल्याचं सांगितलं. कुणाला भिंतीवरची चित्रं हलताना दिसली, कुणाला गुरुत्वाकर्षण वाढल्यासारखं अंग जड वाटलं. एकीची नशा तर उतरली आणि मग पुन्हा लाट आली! ही मुलं खोटं बोलत नव्हती. चार तास एका खोलीत बसलं की अंग जड होतंच, दिव्यांच्या रंगात चित्रं वेगळी दिसतातच. एरवी आपण तिकडे लक्ष देत नाही. गोळी घेतली आहे असं मनात असलं, की तीच जाणीव औषधाच्या नावावर जमा होते. अर्थात, या ६१ टक्क्यांवरून प्लासिबोचा परिणाम एवढाच असतो असं म्हणता येत नाही, कारण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि कित्येकांना काहीच जाणवलं नव्हतं.

मग प्लासिबो गट ठेवून ब्लाइंडिंग केलं, म्हणजे कुणाला काय मिळालं ते पेशंटला आणि आपल्यालाही कळू दिलं नाही, की झालं, असं वाटतं. पण झिंग आणणारं औषध स्वतःच ब्लाइंडिंग फोडतं. वॉल्टर पाहन्के यांनी १९६२ मध्ये बोस्टनमध्ये धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांना सायलोसिबिन दिलं, उरलेल्यांना नायसिन. नायसिनने चेहरा लाल होऊन गरम वाटतं, म्हणून काहीतरी मिळाल्याची खात्री पटावी, असा हेतू होता. अशा प्लासिबोला अ‍ॅक्टिव्ह प्लासिबो म्हणतात. थोडा वेळ ते साधलं, पण पुढे कुणाला काय मिळालं ते सगळ्यांना कळून चुकलं.

एकदा कळलं की फरक दोन्ही बाजूंनी फुगतो. औषध मिळालेल्याची अपेक्षा वाढते आणि तो जास्त सांगतो. न मिळालेला हिरमुसतो आणि होतं त्याहून कमी सांगतो. आकडेवारीत ते सगळं औषधाचंच यश दिसतं.

हे पकडायला पेशंटलाच विचारायचं, 'तुम्हाला काय मिळालं असेल असं वाटतं?' उत्तरं तीन: औषध, प्लासिबो, सांगता येत नाही. समजा औषधाच्या गटात २० जण आहेत. १५ जणांनी बरोबर ओळखलं, २ चुकले, ३ जणांना सांगता आलं नाही. बरोबरमधून चूक वजा करून एकूण संख्येने भागा: १३ भागिले २०, म्हणजे ०.६५. याला बँग इंडेक्स म्हणतात. शून्याच्या आसपास असेल तर लोक अंदाजच बांधत होते, १ च्या जवळ गेला तर ब्लाइंडिंग फुटलं. दोन्ही गटांचा आकडा वेगवेगळा काढायचा, एकत्र नाही.

हा प्रश्न कधी विचारला, यावर बरंच अवलंबून असतं. शेवटच्या व्हिजिटलाच विचारलात, तर ज्याला गुण आला तो 'औषध' म्हणणार, आणि औषध चांगलं असल्यामुळे ओळखलं की दुष्परिणामांमुळे, हे कळणार नाही. म्हणून पहिल्या डोसनंतर लवकर एकदा विचारा, आणि 'कशावरून?' हेही लिहून घ्या. 'तोंड कोरडं पडलं' आणि 'झोप लागली' ही दोन उत्तरं अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात.

खारघरहून येणारे एक काका दर व्हिजिटला विचारायचे, 'ताई, मला खरी गोळी मिळतेय ना?' किटवरच्या नंबरवरून मलाही ते कळत नाही, तसंच मी त्यांना सांगायचे. तोंड कोरडं पडल्याची तक्रार ऐकून कोऑर्डिनेटरलाही अंदाज येऊ लागतो. म्हणून दुष्परिणाम टिपणारा माणूस आणि रेघेवरची खूण घेणारा माणूस शक्यतो वेगळे ठेवा.