आडनाव मागे, नाव पुढे: शोधा-बदला पॅनेलमध्ये कंसांचे गट वापरताना

यादीत अशा काही शे ओळी आहेत आणि नाव आधी, आडनाव नंतर हवंय:

```
पाटील, सुनीता, लेखा
जोशी, विनय
```

`Ctrl+H` दाबा आणि रेगेक्स चालू करा. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी `.*` असं लिहिलेलं बटण आहे. कंसात टाकलेला भाग एडिटर लक्षात ठेवतो आणि बदलीच्या चौकटीत तो `$1`, `$2` असा डावीकडून मोजून मिळतो. व्हिममध्ये `\1` लिहावं लागतं. इथवर कुणी अडत नाही.

अडतं ते कंसात काय लिहायचं यावर. बहुतेक जण `^(.*), (.*)$` लिहायला सांगतात. `.*` हावरट असतं, ते शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत सगळं गिळतं. मग `$2 $1` टाकलं की पहिल्या ओळीचं 'लेखा पाटील, सुनीता' होतं. यावर 'प्रश्नचिन्ह लाव, `.*?` कर' असा सल्ला मिळतो. तो मला पटत नाही. तसं केलं तर हाव कमी होते, पण एखाद्या ओळीत चौथा रकाना निघाला तरी ती मुकाट्याने जुळते आणि चूक दिसतच नाही.

मी तेव्हा `.` सोडून 'स्वल्पविराम सोडून काहीही', म्हणजे `[^,]+` वापरायला लागलो, आणि नव्या खड्ड्यात पडलो. नोटपॅड++ मध्ये नवी ओळसुद्धा 'स्वल्पविराम सोडून काहीही' यातच मोडते. विभाग न लिहिलेली जोशींची ओळ खालच्या ओळीत घुसली आणि जोशींचं आडनाव खालच्या माणसाला चिकटलं. मी 'सगळे बदला' दाबून फाइल जतनही केली होती. ते निस्तरण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून नवी ओळही वगळतो:

```
^([^,\r\n]+), ([^,\r\n]+), ([^,\r\n]+)$
```

बदलीत:

```
$2 $1, $3
```

पाटलांची ओळ 'सुनीता पाटील, लेखा' होते. जोशींची ओळ जुळत नाही, त्यामुळे तिला हात लागत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

बदलण्याआधी जुळण्यांचा आकडा बघा. व्हीएस कोड तो पॅनेलमध्येच दाखवतो, नोटपॅड++ मध्ये 'मोजा' बटण आहे. फाइलमध्ये 200 ओळी आणि जुळण्या 193 असतील, तर उरलेल्या 7 ओळी वेगळ्या साच्यातल्या आहेत. त्या शोधून हातानं दुरुस्त करा, किंवा दोनच रकान्यांच्या ओळींसाठी दुसरी फेरी मारा: `^([^,\r\n]+), ([^,\r\n]+)$`, बदलीत `$2 $1`. मात्र ही फेरी पहिलीनंतर तशीच मारू नका. पहिल्या फेरीतून निघालेल्या 'सुनीता पाटील, लेखा' मध्येही एकच स्वल्पविराम उरलेला असतो, म्हणून ती ओळही या साच्यात बसते आणि पुन्हा उलटते! अशा वेळी पहिल्या फेरीच्या बदलीत स्वल्पविरामाऐवजी `|` टाका आणि दोन्ही फेऱ्या संपल्यावर रेगेक्स बंद करून तो परत स्वल्पविराम करा.