फ्रान्समध्ये कपडे घेताना: आधी बाँझूर, मग ट्रायल

ल्याँला मला आता अकरा वर्षं झाली. नवीन आलेली आपली मंडळी दुकानात शिरतात, मराठीत गप्पा मारत हँगर सरकवतात आणि बाहेर येऊन म्हणतात, 'काय उद्धट बाई होती!' बाई उद्धट नव्हती, तुम्ही 'बाँझूर' म्हणाला नाहीत. इथे ते आधी म्हणायचंच. नुसतंच बघायचं असेल तर 'ज रगार्द, मेर्सी' म्हटलं की कोणी मागे येत नाही.

मापाला दोन शब्द आहेत. कपड्यांचं ते 'ताय', चपलाबुटांचं 'प्वँत्यूर'. कपड्यांसाठी 'ज फे द्यू कारांत' म्हणजे माझं माप ४०. आपल्याकडचा बायकांचा ५ नंबरचा बूट इथे साधारण ३८ होतो.

आता माझी फजिती. पहिल्याच जानेवारीत सोल्द, म्हणजे सरकारी तारखांचा सेल, लागला होता. ट्रायल रूमपुढे, 'काबीन'पुढे, ही रांग! लेबलवर ४० दिसलं आणि १४० युरोंचा कोट तसाच उचलला. घरी घातला तर खांदे दंडावर उतरलेले. लेबल नीट वाचलं तेव्हा कळलं, ४० च्या आधी 'D' होतं, म्हणजे जर्मन माप; पुढे 'F 42' लिहिलेलं. फ्रेंच माप जर्मनपेक्षा दोनने मोठं असतं, इटालियन त्याहून चारने. नेहमी F समोरचाच आकडा बघा.

परत करायला गेले तर काउंटरवर पाटी, 'नी रप्री नी एशांजे': परत नाही, बदलून नाही. दुकानात जाऊन घेतलेला, दोष नसलेला माल परत घ्यायला कायद्याने दुकानदार बांधील नाही. चौदा दिवसांची सवलत ऑनलाइन खरेदीला. म्हणून रांग कितीही असो, 'ज प्यू लेसेये?' विचारा आणि घालूनच बघा. घट्ट झालं तर 'वूझावे ला ताय ओ-दस्यू?', मोठं झालं तर 'आं-दसू?' पावतीही मागून घ्या, 'तिके' म्हणतात. २०२३ च्या ऑगस्टपासून ती आपोआप छापून देत नाहीत.

रंगाचा शब्द कपड्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, पण ते फार डोक्याला लावून घेऊ नका. पांढरा ड्रेस 'रोब ब्लाँश', पांढरा पँट 'पांतालाँ ब्लाँ'; चुकलात तरी समजतं. तपकिरी 'माराँ' मात्र कधीच बदलत नाही. आणि 'वेस्त' म्हणजे जाकीट, बनियन नव्हे!

घासाघीस दुकानात अजिबात नको. ती रविवारच्या 'विद-ग्रनिए'त, म्हणजे शब्दशः माळा रिकामा करण्याच्या बाजारात. तिथेही तुळशीबागेसारखं अर्ध्यावरून सुरू केलंत तर समोरची आजी तोंड फिरवते. दोन वस्तू हातात घ्या, हसून म्हणा, 'सी ज प्रां ले द, वू म फेत अँ पती प्री?', म्हणजे दोन्ही घेतले तर थोडं कमी कराल का? गेल्या महिन्यात मिळून बारा युरोंच्या दोन स्वेटरचे मी दहा दिले. सुटे नाणी जवळ ठेवा. पन्नासची नोट काढलीत की ती आजी पुन्हा तोंड फिरवते.