सिलिंडर जास्त दिवस पुरवण्यासाठी : उकळी आणि पहिल्या शिट्टीनंतरची आच कशी सांभाळावी

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो लवकर संपला की आपण आधी पोळ्या किती झाल्या, पाहुणे किती आले याचा हिशेब मांडतो. पण गॅस सर्वांत जास्त वाया जातो तो पदार्थाला उकळी आल्यानंतर किंवा कुकरची पहिली शिट्टी झाल्यानंतर, आच तशीच मोठी ठेवल्यामुळे.

याचे कारण साधे आहे. उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे 100 अंशांना उकळते आणि त्यानंतर आच कितीही वाढवली तरी ते त्याहून गरम होत नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. नेहमीच्या शेगडीवर एक लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण 11 ते 12 ग्रॅम गॅस लागतो, तर तेच एक लिटर पाणी पूर्ण आटवायला आणखी 80 ग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे खळखळा उकळणाऱ्या आमटीतली डाळ मंद उकळणाऱ्या आमटीपेक्षा लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते, आणि ते आटले म्हणून आपण वरून गार पाणी घालून पुन्हा उकळी आणत बसतो.

सुरुवात रोजच्या वरण-भाताच्या कुकरपासून करावी, कारण तो बहुतेक घरांत दिवसातून एकदा तरी लागतोच. तूरडाळ धुऊन अर्धा ते एक तास भिजत ठेवावी आणि तांदूळ वीस मिनिटे आधी धुऊन ठेवावेत. हरभरा, राजमा, छोले यांसारखी कडधान्ये मात्र रात्रभर भिजलेलीच हवीत, कारण न भिजवता शिजवल्यास त्यांना कित्येक पटींनी जास्त वेळ लागतो. कुकरच्या तळाशी दोन-तीन पेले पाणी पुरते; डबा निम्मा बुडेल इतके पाणी घातले, तर ते सगळे तापवण्यात गॅस जातो. डाळ, भात आणि लागणार असतील तर बटाटे, हे डब्यांत रचून एकाच वेळी लावावेत.

कुकर मोठ्या बर्नरवर, मोठ्या आचेवर ठेवावा. पहिली शिट्टी होताच तो लहान बर्नरवर घ्यावा आणि आच अगदी मंद करावी. इथून पुढे शिट्ट्या मोजू नयेत, घड्याळ पाहावे. शिट्टी म्हणजे कुकरने बाहेर टाकलेली जास्तीची वाफ. आतला दाब आणि सुमारे 120 अंशांचे तापमान टिकवायला फार थोडी उष्णता पुरते. आच बरोबर ठेवली असेल तर वजनाखालून बारीक सुरसुर ऐकू येते आणि एखादी शिट्टी झाली तर होते. सुरसुर पूर्ण थांबली तर आच किंचित वाढवावी, आणि लागोपाठ शिट्ट्या होऊ लागल्या तर आणखी कमी करावी. भिजवलेल्या तूरडाळीला आणि भाताला असे आठ ते दहा मिनिटे पुरे होतात. मग गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्यावा. त्या दहा मिनिटांतही आतले अन्न शिजत राहते, म्हणून शिट्टी उचलून किंवा कुकर नळाखाली धरून वाफ घालवण्याची घाई करू नये.

आता याचा हिशेब पाहू. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांत जवळपास 25 ते 30 ग्रॅम. लहान बर्नर मंद आचेवर तेवढ्याच वेळात पाच-सात ग्रॅमवर भागवतो. एका कुकरमागे सुमारे 20 ग्रॅम वाचले आणि घरात दिवसातून दोनदा कुकर लागत असेल, तर महिन्याला जवळजवळ सव्वा किलो गॅस वाचतो. ज्या घरी सिलिंडर महिनाभर चालतो, तिथे एवढ्या बचतीने तो आणखी दोन-तीन दिवस पुरतो.

इतके करूनही डाळ बोटचेपी होत नसेल, तर आच वाढवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. डाळ जुनी असेल किंवा पाणी बोअरचे, जड असेल, तर शिजायला जास्त वेळ लागतोच. अशा वेळी भिजवण्याचा काळ वाढवावा. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला असेल तर आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून आंबट पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावेत. आणि शिट्टी होण्याआधी झाकणाच्या कडेने वाफ निसटत असेल, तर रबरी रिंग कडक झाली आहे असे समजावे व ती बदलावी, कारण दाबच तयार होत नसेल तर मंद आचेचा काही उपयोग नाही.

भाज्या आणि उसळींसाठी आपल्याकडची जुनी रीत उत्तम आहे, ती म्हणजे झाकणाऐवजी ताट ठेवून त्यात पाणी घालणे. वर येणारी वाफ ताटाच्या खालच्या बाजूला लागून पुन्हा पातेल्यात ठिबकते, त्यामुळे भाजी खाली लागत नाही, आणि ताटातले पाणी फुकट गरम होते. रस्सा वाढवायचा असेल तेव्हा हेच पाणी घालावे, म्हणजे उकळी मोडत नाही. दर दोन मिनिटांनी ताट उचलून ढवळण्याची सवय मात्र सोडावी लागेल.

भांडे आणि ज्योत यांचा मेळही पाहावा. ज्योत भांड्याच्या बुडाखाली मावली पाहिजे. ती कडेने वर चढत असेल तर ती उष्णता स्वयंपाकघर तापवते, पदार्थ नव्हे. दोन कप चहाचे छोटे पातेले मोठ्या बर्नरवर ठेवण्यात काहीच साधत नाही. सपाट, रुंद बुडाचे भांडे उष्णता चांगली घेते, तर बुडाला जमलेली काजळी ती अडवते.

ही काजळी येते कुठून, ते ज्योतीवरून कळते. ज्योत निळी आणि स्थिर असेल तर गॅस पूर्ण जळतो आहे. ती पिवळी पडून भांडी काळी होऊ लागली, तर उतू गेलेल्या दुधाने किंवा आमटीने बर्नरची छिद्रे बुजली आहेत का ते पाहावे. शेगडी पूर्ण गार झाल्यावर रेग्युलेटर बंद करावा, बर्नरच्या चकत्या काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवाव्यात, छिद्रे पिनेने मोकळी करून घासाव्यात आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच परत बसवाव्यात. ओलसर चकतीवर ज्योत फडफडते. एवढे करूनही पिवळेपणा जात नसेल तर दोष आतल्या जेटमध्ये किंवा हवेच्या मार्गात असू शकतो. तो भाग घरी उघडू नये, एजन्सीच्या मेकॅनिकलाच बोलवावे. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून खिडकी गच्च बंद करणेही बरोबर नाही, त्याऐवजी शेगडीची जागा बदलावी आणि पंख्याचा झोत तिच्यावर येऊ देऊ नये.

फरक पडतो आहे का, हे अंदाजाने ठरवू नये. सिलिंडर घेताना डिलिव्हरीवाल्याकडच्या काट्यावर त्याचे वजन करून घ्यावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते, ते वजा केल्यावर 14.2 किलो उरले पाहिजेत. नवा सिलिंडर लावल्याची आणि तो संपल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवावी. तुलना करताना त्या महिन्यात अंघोळीचे पाणी गॅसवर तापवले होते का, तेही लिहून ठेवावे, कारण एक बादली पाणी अंघोळीपुरते गरम करायला 45 ते 50 ग्रॅम गॅस लागतो आणि रोजच्या दोन बादल्या कुकरवर केलेली सगळी बचत खाऊन वर आणखी दीड किलो नेतात.