जाळ्यातला साप की वाम? फोटोवरून कसे ओळखावे

मालवण, देवगड, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर जाळे ओढले की माशांच्या ढिगात कधीकधी एखादे लांब, राखाडी, वेटोळे घातलेले अंग दिसते. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि ओळखीच्या माणसाला पाठवून विचारतो, "हा साप आहे का वाम?" वाम असेल तर ती बाजारात जाते. साप असेल तर तो अतिशय विषारी असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. म्हणून उत्तर अंदाजाने देऊन चालत नाही. फोटो बरा असेल तर पुढच्या क्रमाने पाहिल्यास बहुतेक वेळा खात्रीने सांगता येते.

आधी रंग आणि लांबी बाजूला ठेवा

पट्टे म्हणजे साप आणि साधा रंग म्हणजे वाम, असा हिशेब बरेच जण करतात. तो दोन्ही बाजूंनी फसतो. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात वारंवार सापडणारा चोचीचा समुद्रसाप, म्हणजे हायड्रोफिस शिस्टोसस, लहानपणी गडद पट्ट्यांचा असतो. वय वाढते तसे पट्टे पुसट होतात आणि मोठा साप जवळपास एकसारखा राखाडी दिसतो. तोच वाम समजला जातो. उलट लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांची एक वाम राहते, तिला पाहून माणसे साप म्हणून मागे सरकतात. लांबीचाही उपयोग नाही. मीटरभर साप असतो, तशी मीटरभर वामही असते.

पायरी १: शेपूट शोधा

डोके नंतर. आधी शेपटीचे टोक सापडते का ते बघा, कारण तिथेच सर्वांत लवकर उत्तर मिळते. समुद्रसापाची शेपटी दोन्ही बाजूंनी दाबलेली, उभी, रुंद आणि टोकाला गोलसर असते, अगदी वल्ह्याच्या पात्यासारखी. अंग संपत आले की ती अरुंद होत नाही, उलट पसरते. त्या पात्यावर शेवटपर्यंत खवले असतात आणि अंगावर पट्टे असतील तर तेही शेपटीवर तसेच पुढे जातात.

वामीची शेपटीही चपटी असते, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. फरक असा की वाम मागे जाता जाता निमुळती होते आणि तिचा चपटेपणा पातळ पडद्याचा असतो. त्या पडद्यात बारीक काटे एकमेकांशेजारी ओळीने दिसतात, आणि पाठीवरचा पर व पोटाखालचा पर टोकाला येऊन एकमेकांना मिळतात. म्हणजे शेपूट चपटे आहे का, एवढेच विचारू नका. ते मांसल आणि रुंद आहे की पातळ आणि निमुळते, हे विचारा.

तिसरीही एक शक्यता आहे. वाळूत आणि चिखलात शेपटीच्या बाजूने घुसणाऱ्या काही वामींचे शेपूट गोल, कडक आणि टोकदार असते, टोकावर पर नसतो. वरवर पाहता हे शेपूट जमिनीवरच्या सापासारखे वाटते. पण आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याच समुद्रसापाची शेपटी अशी गोल टोकदार नसते.

पायरी २: पाठीची कड बघा

वामीच्या पाठीवरून एक लांब पर मागे जातो. पाण्यात तो उभा राहतो, म्हणून सहज दिसतो. क्रेटमध्ये किंवा होडीच्या फळीवर मात्र तो ओला होऊन अंगाला चिकटतो आणि पाठीवरची नुसती एक रेघ किंवा घडी वाटते. फोटो मोठा करून त्या रेघेवर नजर फिरवा. कुठेतरी, विशेषतः जिथे अंग वळले आहे तिथे, पडदा थोडा उचललेला दिसतो आणि त्याच्यापलीकडचे अर्धवट दिसते. परावर बऱ्याचदा काळसर किनार असते, तीही मदतीला येते.

सापाला पर नसतात. एकही नाही. पाठीवर, पोटाखाली किंवा डोक्यामागे कुठेही खरा पर दिसला तर प्रश्न तिथेच सुटला. मात्र पर दिसला नाही म्हणून लगेच साप ठरवू नका. तो चिकटलेला असू शकतो.

पायरी ३: डोक्यामागे कल्ल्याचे छिद्र आहे का?

वाम मासा आहे, तिला कल्ले लागतात. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या वामीच्या डोक्यामागे, गळ्याच्या खालच्या बाजूला, लांबट फट असते आणि तिच्या लगेच मागे छातीचा छोटा पर असतो. खडकात राहणाऱ्या मोरे वामीला छातीचे पर नसतात आणि फटीऐवजी एक लहान गोल छिद्र असते. फोटोत ते काळ्या ठिपक्यासारखे दिसते.

साप फुप्फुसाने श्वास घेतो, त्यामुळे डोके आणि मान यांच्यामध्ये त्याचे अंग सलग असते. त्याच्या नाकपुड्या मुस्कटाच्या वरच्या बाजूला असतात, कारण त्याला पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावी लागते. वामीच्या नाकपुड्या पुढच्या टोकाशी असतात आणि कित्येकदा दोन बारीक नळ्यांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात. चोचीच्या सापाच्या वरच्या ओठाचे टोक तोंडावर खाली झुकलेले असते. डोक्याचा बाजूने फोटो असेल तर ही खूण फार स्पष्ट दिसते.

पायरी ४: कातडी

वामीची कातडी बुळबुळीत आणि नितळ असते. सापाच्या अंगावर खवल्यांच्या नीट रांगा असतात. ओल्या अंगावर उजेड चकाकतो तिथे खवले दिसत नाहीत, म्हणून चमक नसलेल्या भागाकडे बघा. दोन ठिकाणी खवल्यांचा भास होतो. एक म्हणजे जाळ्याच्या दोऱ्याचे वळ. ते चौकोनी उमटतात, पण मधेच तुटतात आणि अंगाच्या ठरावीक भागावरच असतात. दुसरे म्हणजे काही मोरे वामींच्या अंगावरची जाळीदार नक्षी. तिच्यात एकेक ठिपका मोठा असतो आणि ठिपक्याच्या आत कातडी गुळगुळीत असते. खरे खवले डोक्यामागून शेपटीपर्यंत तसेच रांगेत चालतात.

एक फोटो पूर्ण पाहू

नेहमी येतो तसा एक फोटो घेऊ. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये शिंगाळे आणि ढोमी, त्यांच्यामध्ये राखाडी, जाड अंगाचे एक वेटोळे. डोके माशांखाली दडलेले आहे. पाठवणाऱ्याला वाटते, ही वाम.

शेपूट शोधताना क्रेटच्या कोपऱ्यात एक राखाडी तुकडा दिसतो. तो वेटोळ्याच्या शेवटच्या भागापेक्षा रुंद आहे आणि त्याचे टोक गोल आहे. इथेच संशय बळावतो. पण तुकडा अर्धा झाकलेला असल्याने एवढ्यावर थांबायचे नाही. पाठीची कड बघितली तर घडी नाही, पडदा नाही. वेटोळ्याच्या सावलीतल्या भागात फोटो मोठा केल्यावर बारीक खवल्यांच्या रांगा दिसतात, आणि त्या रांगा एका वळणावरून दुसऱ्या वळणावर तशाच जातात. डोके दिसत नाही, त्यामुळे कल्ल्याबद्दल काही बोलता येत नाही. तरी रुंद गोल शेपूट आणि सलग खवले या दोन खुणा पुरेशा आहेत. हा समुद्रसाप आहे. सोबत शिंगाळे असणेही विसंगत नाही, कारण चोचीचा साप शिंगाळे खातो. पण जात ठरवायला डोके दिसायला हवे, म्हणून उत्तर "समुद्रसाप, बहुधा चोचीचा" एवढेच द्यावे.

आणखी एक पेच कधीकधी येतो. काही समुद्रसाप वामीच खातात. अशा सापाच्या तोंडातून वामीची शेपटी लोंबत असेल तर एकाच फोटोत पर आणि खवले दोन्ही दिसतात. तेव्हा दोन डोकी शोधण्याऐवजी खवल्यांची रांग धरून तोंडापर्यंत जा, दोन अंगे आपोआप वेगळी होतात.

उथळ पाण्यातले फोटो

पाण्यात लाटेमुळे कडा वाकड्या दिसतात, म्हणून इथे कातडीपेक्षा ठेवण आणि जागा जास्त सांगते. खडकाच्या भेगेतून डोके बाहेर काढून, तोंड उघडे ठेवून बसलेला प्राणी जवळजवळ नेहमी मोरे वाम असतो. ती चावायला तोंड उघडत नाही, कल्ल्यांतून पाणी जावे म्हणून उघडझाप करते. समुद्रसाप असा बसून राहत नाही. तो भेगांत डोके घालून भक्ष्य शोधतो आणि मधून मधून वर येतो. नाक पाण्याबाहेर काढलेला फोटो असेल तर साप धरा.

खाडीच्या तोंडाशी आणि कांदळवनात मात्र शेपटीची खूण उलटी वापरू नका. तिथे काही पाणसाप असतात, त्यांची शेपटी गोल निमुळती असते, तरी अंगावर खवले असतात आणि पर नसतात. म्हणजे शेपूट चपटे नाही म्हणून ती वाम, असे होत नाही. खाडीतला फोटो असेल तर खवले आणि पर हेच निर्णायक.

नीट फोटो मागवताना

पहिल्या फोटोवर उत्तर मिळत नसेल तर आणखी तीन मागा: शेपटीचे टोक बाजूने, डोके आणि मान बाजूने, आणि पूर्ण अंग वरून. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो दाबला जातो आणि खवले पुसट होतात, म्हणून फाइल "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. सोबत जागा, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि पाण्याची अंदाजे खोली लिहून घ्या.

मागताना एक गोष्ट आधी सांगा: फोटोसाठी हात लावू नका, शेपूट सरळ करायची असली तरी लांब काठी वापरा. जाळ्यात बराच वेळ गुदमरलेला साप मेल्यासारखा निपचित पडतो आणि थोड्या वेळाने हलू लागतो. त्याचा चावा बऱ्याचदा फारसा दुखत नाही, दातांच्या खुणाही बारीक असतात, आणि अंगदुखी किंवा स्नायू आखडणे नंतर सुरू होते. कुणाला चावला असेल तर हात-पाय न हलवता, मलमपट्टी किंवा चिरा न देता थेट रुग्णालय गाठायचे आणि डॉक्टरांना "समुद्रसाप" असे स्पष्ट सांगायचे. भारतात सर्रास मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बनवलेली आहे, समुद्रसापाच्या नाही. त्यामुळे श्वास आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवणारी सोय असलेले मोठे रुग्णालय लागते. फोटोतले वेटोळे साप की वाम हे ठरत नसेल, तर ठरेपर्यंत त्याला सापच समजा.