काम घेण्याआधी एका परिच्छेदाचे तीन नमुने

मी घाटंजी तालुक्यातून इंग्रजी-मराठीचं काम करते. इकडे पुस्तिका येतात त्या बहुतेक शेतीच्या. मध्यंतरी एका नव्या संस्थेच्या मॅडमचा फोन आला. गुलाबी बोंडअळीवरची शंभरेक पानांची पुस्तिका होती. म्हणाल्या, "भाषांतर करून द्या, पण शेतकऱ्याला कळेल असं, आणि जमलं तर थोडक्यात." एका वाक्यात तीन कामं होती आणि तिन्हींचा हिशेब वेगळा.

अशा वेळी व्याख्या सांगत बसू नका. ऐकणारा "हो हो" म्हणतो आणि विसरतो. पुस्तिकेतलाच एक उतारा घ्या आणि तीन तऱ्हांनी लिहून पाठवा. मी फवारणी कधी करायची तो भाग घेतला.

भाषांतर: "कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी आठ पतंग आढळल्यास फवारणीची शिफारस आहे."

भिंतीवर रंगवायचं रूपांतर: "तीन रात्री आठ-आठ पतंग, तर फवारणीला नको विलंब!"

सारांश: "सापळ्यातल्या पतंगांची संख्या ठरावीक मर्यादेपर्यंत गेली, तरच फवारणी करावी."

मग प्रत्येकात काय गेलं ते दाखवलं. रूपांतरात 'सरासरी' गेली. एका सापळ्यात पाच आणि दुसऱ्यात अकरा निघाले, तर सरासरी आठच येते, पण भिंत वाचणारा म्हणेल, आठ-आठ कुठं आहेत? सारांशात तर आकडाच नाही. देणगीदाराला तो चालेल, पऱ्हाटीत उभ्या माणसाला नाही. मॅडम लगेच म्हणाल्या, "आकडा गेला तर आमचे कीटकतज्ज्ञ ऐकणार नाहीत."

मला हेच हवं होतं. वाचणार कोण हे सगळेच विचारतात. तपासणार कोण, हे विचारायचं राहून जातं. तपासणारा इंग्रजी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावणार असेल, तर रूपांतर देऊ नका. "हे मुळात नाही" असे शेरे पानोपानी येतील आणि दुरुस्त्या फुकटात कराव्या लागतील.

शेवटी काम वाटून घेतलं. प्रशिक्षकांसाठी पूर्ण भाषांतर, दर मूळ इंग्रजी शब्दांवर. भिंतीच्या मजकुराला एकरकमी मानधन आणि दोनच फेऱ्या दुरुस्ती, कारण चार शब्दांच्या ओळीला शब्दावर पैसे लावले तर चहाही सुटत नाही. देणगीदारांसाठी चार पानी सारांश. त्याचा दर मात्र वाचाव्या लागणाऱ्या पानांवर. चार पानं लिहायलाही शंभर पानं वाचावीच लागतात. यावर मॅडमनी थोडी घासाघीस केली.

हे सगळं मेलवर लिहून घेतलं. सारांशात कोणते आकडे राहायलाच हवेत, याची यादी त्यांनी द्यायची, आणि भिंतीची प्रत्येक ओळ रंगाऱ्याकडे जाण्याआधी कीटकतज्ज्ञांनी लेखी मंजूर करायची.