पगार सातला, हप्ता पाचला?

शिरोली एमआयडीसीत माझा पगार सातला व्हायचा आणि गाडीचा हप्ता पाचला कापला जायचा. एकदा खात्यात पैसे कमी पडले, हप्ता परत गेला; बँकेनं दंड लावला, फायनान्सवाल्यानं वेगळा. मग अर्ज देऊन हप्ता दहा तारखेला घेतला. मधल्या दिवसांचं थोडं व्याज पडलं, पण एकदाच. तीन दिवसांची फट हवीच, कारण हप्ता रविवारीही कापला जातो, पगार मात्र सोमवारवर जाऊ शकतो. घरभाडं आठला. शाळेची फी वर्षाला चोवीस हजार, म्हणून दरमहा दोन हजार अकरा तारखेला आपोआप आरडीत. बचत हप्त्याआधी वळवली, तर हप्ताच अडकतो.